साडेदहाला बोलावलं, तास धरला बारापासून

मी रंकाळ्याजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला जाते. रोज नाही, मालक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर सांगतात तेव्हाच. आधी रोज ठरला होता, ४५० रुपये. दिवाळीनंतर म्हणाले, आता तासावर, तासाला ६०. बोलावतात साडेदहाला, पण तास धरतात बारापासून, गिऱ्हाईक यायला लागल्यावर. गर्दी नसली की लगेच घरी पाठवतात. गेल्या आठवड्यात पाच दिवस गेले आणि हातात ६०० आले. माझा भाचा ऑस्ट्रेलियात शिकतो. तिथं दुकानात बोलावलं की तीन तास तरी धरतातच म्हणतो. आपल्याकडं असं काही आहे का? आणि हिशोब करायचा कसा? आठवड्याची नोंद सोबत लिहून पाठवते.

— एक भाकरीवाली, कोल्हापूर

ताई, भाचा खरं सांगतोय. तिकडं अधूनमधून बोलावलेल्या माणसाला किरकोळ दुकानात साधारण तीन तासांचे आणि हॉटेलात दोन तासांचे पैसे द्यावेच लागतात, काम अर्ध्या तासात आटोपलं तरी. शिवाय कायमची नोकरी नाही म्हणून तासाच्या दरावर २५ टक्के जादा. आपल्या कायद्यात तासांची अशी पायरी नाही. आपल्याकडं मोजमाप रोजाचं आहे, आणि ते नीट लागू झालं तर भाच्याच्या तीन तासांपेक्षा भारी पडतं.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम १५ होतं. वेतन संहिता, २०१९ मध्ये तेच जवळजवळ शब्दशः कलम १० म्हणून आलं आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं: ज्या कामाचा किमान दर रोजावर ठरवलेला आहे, त्या कामावर माणूस एखाद्या दिवशी पूर्ण दिवसापेक्षा कमी वेळ राबला, तरी त्याला पूर्ण दिवस काम केल्यासारखा रोज मिळाला पाहिजे. यातून मुख्य सुटका एकच. काम होतं पण कामगारालाच करायचं नव्हतं, तर पूर्ण रोज नाही. मालकानं काम दिलं नाही म्हणून हात रिकामे राहिले, तर तो तोटा मालकाचा. (नियमांत आणखी काही अपवाद घालायची मुभा शासनाला आहे, पण 'आज गिऱ्हाईक आलं नाही' हा मालकाच्या धंद्यातला चढउतार झाला, तुमची नाखुशी नव्हे.)

मी स्वतः बरीच वर्षं एका कारखान्यात हजेरी आणि पगाराचे कागद लिहिले. तिथं दोन वह्या असायच्या, एक कच्ची आणि एक पक्की. कच्चीत फाटकातून आत आल्याची वेळ, पक्कीत मशीन सुरू झाल्याची. मधला पाऊण तास कुठंच जायचा नाही, नुसता हरवायचा. तुमच्या मालकाचं 'बारापासून' वाचलं आणि ती पक्की वही आठवली. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. साडेदहाला या असं त्यांनी सांगितलं, तुम्ही आलात, पदर खोचला, परात घेतली, जोंधळ्याचं पीठ चाळलं, आधण ठेवलं. गिऱ्हाईक टेबलाशी बसायच्या आधीचं हे सगळं काम आहे. आणि समजा काहीच न करता नुसत्या बाकड्यावर बसलात, तरी तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून तिथं अडकलेल्या आहात, त्या वेळात दुसरीकडं चार भाकऱ्या थापून पैसे मिळवू शकत नाही. तास साडेदहापासूनच लागतो. जेवणाची सुट्टी खरोखर मिळाली असेल तर ती वजा करा. तव्यासमोर उभ्यानं खाल्लेला घास ही सुट्टी नव्हे.

आता दर. हॉटेल-खानावळीच्या कामासाठी शासनानं किमान वेतन महिन्याचं ठरवलेलं असतं, कुशल, अर्धकुशल, अकुशल असं, आणि गावागावांच्या परिमंडळाप्रमाणं. त्याचे दोन तुकडे असतात: मूळ दर आणि विशेष भत्ता. भत्ता महागाईप्रमाणं वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. इथंच दोन चुका सर्रास होतात. एक, मालक फक्त मूळ दर बघतो आणि भत्ता विसरतो, जो कधीकधी दराचा मोठा हिस्सा असतो. दुसरी, महिन्याच्या रकमेला ३० नं भागतो. रोज काढायचा तर २६ नं भागायचं, कारण आठवड्याची सुट्टी त्यात धरलेली असते.

तुमच्या परिमंडळाचा आजचा आकडा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळेल. तोवर हिशोब समजावा म्हणून मी गोल आकडा धरतो: मूळ आणि भत्ता मिळून महिना १३,०००. २६ नं भागले की रोज ५०० रुपये. (तीसनं भागलं तर ४३३ येतात. ६७ रुपये रोज एका भागाकारात गेले.) आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे साडेबासष्ट. म्हणजे तासाला ६० हा दर, पूर्ण आठ तास काम दिलं असतं तरी, या आकड्यापेक्षा अडीच रुपयांनी कमीच आहे.

तुमची नोंद मी समोर घेतली. रविवारी साडेदहा ते साडेचार, सहा तास. मालकांनी लिहिले साडेचार. मंगळवारी साडेदहाला आलात, पावणेएकला घरी जा म्हणाले. त्यांच्या हिशोबात बारा ते पावणेएक म्हणजे पाऊण तास, त्यातलाही अर्धाच तास लिहिला. बुधवारी साडेदहा ते चार, त्यांनी धरले चार तास. गुरुवारी बोलावलं होतं, पण सकाळी नऊलाच 'आज नको' असा निरोप आला आणि तुम्ही घरातून निघाला नव्हता. शुक्रवारी मुलीला ताप होता म्हणून एकलाच तुम्ही स्वतः सांगून निघालात. त्यांनी लिहिला एक तास. शनिवारी आलात, पीठ मळायला घेतलं आणि अकरा वाजता परत पाठवलं, लिहिलं शून्य. साडेचार, अर्धा, चार आणि एक मिळून दहा तास, साठनं सहाशे. बेरीज बरोबर आहे, हे मात्र मालकांना मानलं पाहिजे. चूक आकडे उचलण्यात आहे.

कलम १० लावून हाच आठवडा पाहा. रविवार, मंगळवार, बुधवार आणि शनिवार हे चारही दिवस पूर्ण रोजाचे, कारण या चारही दिवशी तुम्ही हजर होता, कामाला लागला होता आणि पुढचं काम त्यांनी दिलं नाही. चार पाचशे दोन हजार. शुक्रवारी तुम्ही स्वतःहून गेलात, तेव्हा तिथं पूर्ण रोज मागता येत नाही. अडीच तास राबलात, त्याचे साडेबासष्टनं १५६ रुपये २५ पैसे. गुरुवारी काही नाही. एकूण २,१५६ रुपये २५ पैसे.

शनिवारी थोडं थांबा. कलमात 'काम करतो' असा शब्द आहे. दारातूनच परत पाठवलं असतं, हाताला पीठही लागलं नसतं, तर मालकाचा वकील म्हणाला असता की या दिवशी कामच झालं नाही. अर्धा तास पीठ मळलंत म्हणून तुमची बाजू पक्की आहे. मंगळवार त्याहून सोपा. सव्वादोन तास तुम्ही तिथं होता, वाद घालायला जागाच नाही.

मालक यावर काय म्हणतील तेही ओळखीचं आहे: 'ती रोजावर नाही, तासावर आहे, पार्टटाइम आहे.' यात थोडा दम आहे. किमान दर तासावरही ठरवता येतो, आणि कलम १० रोजावर ठरलेल्या दराला लागतं. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी त्यांच्या आड येतात. तुम्ही रोजावर कामाला लागलात, ४५० वर, आणि दिवाळीनंतर त्यांनी परस्पर तास केले. काम तेच, तवा तोच, वेळ तीच. आणि हॉटेलकामाचा शासनाचा दर महिन्याचा आणि त्यावरून रोजाचा आहे. मालकानं वहीत 'तास' लिहिलं म्हणून तो दर तासाचा होत नाही.

तरी क्षणभर त्यांचंच खरं धरा. महाराष्ट्राच्या अनेक किमान वेतन अधिसूचनांत अर्धवेळ कामगारासाठी वेगळं कलम असतं. रोजाच्या दराला ठरलेल्या तासांनी भागायचं आणि जे येईल त्यात १५ टक्के वाढ घालायची. वाढ एवढ्यासाठी, की दोन-तीन तासांसाठी बोलावलेल्या माणसाचा उरलेला दिवस तसाच मोडतो. पाचशेला आठनं भागून साडेबासष्ट, त्यावर १५ टक्के म्हणजे पैशापर्यंत गोल करून ७१ रुपये ८८ पैसे. तुमचे खरे तास सहा, सव्वादोन, साडेपाच, अडीच आणि अर्धा, मिळून पावणेसतरा. गुणाकार १,२०३ रुपये ९९ पैसे. म्हणजे मालकांच्याच म्हणण्याप्रमाणं हिशोब केला तरी दिलेल्या पैशांच्या दुप्पट येतात. खानावळीला लागू असलेल्या अधिसूचनेत हे कलम कोणत्या शब्दांत आहे आणि भागाकार कितीनं करायला सांगितलाय, ते कार्यालयातून तिची प्रत घेऊन एकदा वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर हा दुसरा आकडा खिशात ठेवा आणि पहिला मागा. दुसरा आकडा पहिल्यांदा बोललात तर तासाची गोष्ट तुम्हीच कबूल केली असं होईल.

एक वाकडी वाट आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक मालक ती घेतातच. 'नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला एवढी गर्दी असते, तेव्हा बारा तास काम मिळतं, मग आत्ता दोन तास झाले तर काय बिघडलं, महिन्याला सरासरी बसते की.' बसत नाही. किमान रोज हा दिवसादिवसाला पुरा झाला पाहिजे. एका दिवसाचे जास्तीचे तास दुसऱ्या दिवसाच्या खड्ड्यात भरता येत नाहीत. आणि बारा तासांच्या दिवशी नेहमीच्या दिवसापेक्षा वरचे जे तास असतील त्यांना दुप्पट दर लागतो, म्हणजे तो दिवस वेगळाच महाग होतो. म्हणून हिशोब करताना आठवड्याचे तास एका रेषेत बेरीज करून मग गुणायचे नाहीत. प्रत्येक दिवसाचे रुपये वेगळे काढायचे, मग रुपयांची बेरीज. तुमच्या मालकांनी दहा तास एकत्र करून गुणले, आणि म्हणूनच मंगळवार आणि शनिवार त्यात नाहीसे झाले.

दुसरी वाट नगाची. 'मग भाकरीला नग धरू' म्हणतील. चालेल, पण तिथंही त्या दिवशीची नगाची कमाई किमान वेळेच्या दरापेक्षा खाली जाऊन चालत नाही. कमी भाकऱ्या लागल्या हा दोष तुमच्या हाताचा नाही.

आता पुराव्याचं. तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. वेतन दिलं की नाही याची दाद मागितली, तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी संहितेनं मालकावर टाकली आहे. हजेरी आणि पगाराची नोंद ठेवणं आणि वेतनचिठ्ठी देणं हेही त्यांचं काम. पण तुम्ही गेला होता हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या मोबाइलमध्येच आहे. 'उद्या १०.३० ला या' हा निरोप पुसू नका. तिथं पोचलात की 'आले' एवढा शब्द पाठवा. निघताना 'आज १२.४५ ला पाठवलंत, उद्या आहे का?' असं सहज विचारून ठेवा. 'पाठवलंत' हा शब्द महत्त्वाचा, कारण गेलात आणि पाठवलं यांतच पूर्ण रोज आणि अडीच तास यांचा फरक आहे. शुक्रवारसारखं स्वतः निघालात तर तेही खरं लिहा. एक दिवस खोटा निघाला की बाकीचे चारही कोणी मानत नाही.

पैसे कधी, हेही पाहून घ्या. आठवड्यावर ठरलं असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या आधी, हातात पडले पाहिजेत. रोजावर असेल तर त्याच दिवशी काम संपताना. 'पुढच्या आठवड्यात एकदम घ्या' हा उपकार नाही, उशीर आहे.

कार्यालयात जायचं की नाही, हे तुमच्यावर. आधी मालकांशी बोला, आणि बोलताना कायदा नव्हे, तवा पुढं ठेवा. बुधवार, शुक्रवार, रविवारी तांबडा-पांढऱ्याला माणसं येतात, तेव्हा तुमच्या हाताच्या भाकरीशिवाय ताट पुरं होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवारी गर्दी पातळ असते, श्रावणात तर बघायलाच नको. मग त्यांना सांगा, पातळ दिवशी बोलावूच नका, किंवा नको असेल तर सकाळी नऊच्या आत सांगा. ज्या दिवशी बोलावाल त्या दिवसाचा पूर्ण रोज. यात त्यांचंही नुकसान नाही. आत्ता ते मंगळवारी 'असू दे एखादी' म्हणून तुम्हाला बसवून ठेवतात, कारण बसवून ठेवायला त्यांना काही पडत नाही. पैसे पडायला लागले की ते आदल्या रात्रीच नीट विचार करतील.

एक मर्यादा मात्र कायद्यानं सुटत नाही, ती लपवत नाही. न बोलावलेल्या दिवसाचे पैसे कोणी मागू शकत नाही, आणि अमुक इतके दिवस बोलवाच असंही या कलमानं त्यांच्यावर बंधन येत नाही. तुम्ही हिशोब मागितलात आणि त्यांनी बोलावणंच कमी केलं, असं होऊ शकतं. म्हणून तिथं भाकऱ्या करणाऱ्या दुसऱ्या दोघी असतील तर तिघींनी मिळून बोललेलं बरं. तिघींना एकदम सोडून खानावळ रविवारी चालवता येत नाही.

'अर्ध्या रोजावर मिटवू, इथं सही करा' असं म्हणाले तर सही करू नका, आणि केलीच असेल तर घाबरू नका. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायचं कबूल करणारा कागद तुम्हाला बांधत नाही. बोलून जमलं नाही तर दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळं आज रागानं उठून जायची घाई नाही. दावा तुम्ही स्वतः, कामगार संघटना किंवा सरकारी निरीक्षक यांच्यापैकी कोणीही करू शकतं. दावा ऐकणारा प्राधिकारी थकलेली रक्कम तर देववतोच, वर भरपाई म्हणून त्या रकमेच्या दहापटीपर्यंत आकारू शकतो. एवढं ऐकवायची बहुधा वेळ येत नाही. पण तिथं पोचलात तर अर्जासोबत दिवसवार तक्ता द्या: तारीख, बोलावल्याची वेळ, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, कोणी पाठवलं, किती मिळाले, किती मिळायला हवे होते.

तो तक्ता आजच सुरू करा, गेल्या आठवड्यापासून. शनिवारच्या रकान्यात 'साडेदहा ते अकरा' एवढंच लिहून थांबू नका. किती पीठ मळलं होतं तेही लिहा.